डोंग्याच्या पुस्तकाचे गुण

आमच्या मास्तरांना ‘चांगलं’ हा शब्द एकटा आलेला चालत नसे. जेवताना म्हणत, “वांग्याची भाजी चांगली झाली.” मी खूश होऊन आणखी वाढायला वाकले की पुढचं येई, “देठं नरम शिजली आणि फोडी मोडल्या नाईत, म्हणून.” माझ्या माहेरी बाप जेवून ढेकर देई, तेवढ्यावरून आई समजून जाई. इथे मात्र मत आलं की त्याच्या मागोमाग कारण येणारच. लग्नानंतर काही वर्षांतच मलाही तीच खोड लागली. शेजारीण म्हणाली की तिची सून वाईट आहे, तर माझ्या तोंडून निघे, “काऊन? काय केलं तिनं?” शेजारणी माझ्याशी जरा जपूनच बोलत.

मास्तर म्हणजे माझे मालक, दादाजी मास्तर. मूळचे गोंडपिपरीकडचे. नोकरी सिंदेवाहीच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होते तिथल्या गावात. शाळा जनपदची, म्हणजे तालुक्याच्या सभेची, चौथीपर्यंत. मास्तर एकटेच सगळ्या वर्गांना पुरत. बुटके, कान मोठे, आवाज मात्र असा की ओसरीत वाचायला बसले तर रस्त्याने चाललेला माणूस थांबे. मी दुसरीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचत असे, अजूनही तसंच वाचते. हे सगळं लिहायला मला एक अख्खा उन्हाळा लागला आहे.

गोष्ट चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची. सिंदेवाहीला मुलींसाठी नवं वसतिगृह निघालं होतं. राहणं, जेवण, शाळा सगळं तिथंच. आमच्या भागाला त्यात एक जागा आली होती. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना तेव्हा आम्ही दिपोटी म्हणत असू. त्या दिपोटी साहेबांनी ठरवलं की ही जागा नुसते पाढे म्हणवून घेऊन द्यायची नाही. चौथीच्या मुलींनी एका गोष्टीच्या पुस्तकाचं परीक्षण लिहायचं. आता आमच्या भागात चौथीपर्यंत टिकलेल्या मुली होत्या किती? दोन. त्या दोघीही आमच्याच शाळेत. एक चंदा, गुणवंतराव पाटलांची. दुसरी बुधरी, जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, मंगरू गोंडाची.

चंदाला जागा मिळाली नसती तरी तिच्या बापाला वाट होती. बुधरीला ही एकच होती. चौथी झाली की तिला शेळ्यांमागे जायचं होतं. तिच्या हातची काठी घरात केव्हाची तयार होती.

साहेबांनी कागद पाठवला, त्यात गुणांचे तीन रकाने. वाचून मुलीला स्वतःला काय वाटलं, त्याचे दहा. पुस्तकात काय आहे ते सांगणं आणि आपलं मत, या दोहोंचा तोल, त्याचे दहा. आणि जे मत मांडलं त्याला पुस्तकातला आधार दिला का, त्याचे दहा. खाली एक ओळ होती, की कोणत्याही रकान्यात चाराच्या खाली गुण पडले तर ते परीक्षण बाद. दोन्ही बाद झाली तर जागा दुसऱ्या भागाला जाणार.

पुस्तकाची प्रत आली एक. म्हणून मास्तरांनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं, दोनदा. पातळसं पुस्तक होतं, डोंगा म्हणजे लहान होडी चालवणाऱ्या एका ढिवराचं, नदीवरच्या कोळ्याचं. वाचून झाल्यावर मुली लिहायला बसणार तेवढ्यात मास्तर बोलून गेले, “आणि मीच वाचलेलं मलेच परत सांगत बसू नका. ते मले ठाऊक हाये. तुमच्या मनातलं लिहा.” बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. चार वर्षं पोरांच्या तोंडून आपलीच वाक्यं ऐकून माणूस कंटाळतोच.

रविवारी दुपारी मी ओसरीत चिंचा फोडत बसले होते. मास्तर दोन्ही कागद घेऊन आले.

“रंभा, तू ते पुस्तक ऐकलं नाई ना?”

“मले कोण ऐकवते? माझ्यापाशी तं तुमी फक्त गुंड्या तुटलेला सदरा आणता.”

“बरं झालं. मी वाचतो, तू हुंकारा दे.”

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. वाक्य संपलं की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचं. हुंकारा थांबला तर सांगणारा समजतो, की ऐकणारा झोपला नाहीतर वाटेत हरवला. मास्तरांची परीक्षणं तपासायची रीत अशीच होती. म्हणत, “मी पुस्तक वाचलेला माणूस. पोरीनं अर्धं सांगितलं तरी उरलेलं माझं डोकं भरून काढते. तुझं नाई भरून काढणार.” माझ्या डोक्याचं कौतुक की काय ते मला अजून कळलेलं नाही. पण माझा हुंकारा अडकला की ते समासात टिंब देत.

आधी चंदाचं वाचलं. अक्षर मोत्यासारखं, मी डोकावून पाहिलं. एक नदी होती, हूं, तिच्या काठी एक ढिवर राहत असे, हूं, मग पूर आला, साहेब आले, डोंगा निघाला, लाटा आल्या, डोंगा पोचला, शाल मिळाली. ढिवराने सकाळी काय खाल्लं तेसुद्धा होतं. माझा हुंकारा लोण्यासारखा चालला. शेवटी ओळ आली, “असे हे पुस्तक फार बोधप्रद आहे. सर्वांनी जरूर वाचावे.”

“आता सांग,” मास्तर म्हणाले, “चंदाले पुस्तक कसं वाटलं?”

“बोधप्रद वाटलं म्हणते.”

“काऊन?”

मी चिंचोका टोपलीत टाकला. “ते तिनं सांगितलं नाई. आणि आता वाचाचं कायले राह्यलं? सगळंच तं सांगून टाकलं पोरीनं.”

मास्तरांनी मान हलवली आणि बुधरीचा कागद धरला. तो अर्धाच भरलेला.

“मले डोंग्यावाल्याचा राग आला,” मास्तरांनी वाचलं.

मी ‘हूं’ म्हणाले खरी.

“त्यानं तिले बसू द्याले पाहिजे होतं.”

“कोणाले?” मी विचारलं. चंदाच्या गोष्टीत बाई कोणी नव्हतीच. टिंब पडलं.

“झाड नव्हतंच. आधी नाई म्हणते आणि मंग हाये म्हणते.”

“कोणतं झाड? कोण म्हणते?” दुसरं टिंब पडलं.

“मी मायसंग अशीच थांबली होती, माझा भाऊ तापानं जळून राह्यला होता. आम्हाले कोणी इचारलं नाई. त्या पुस्तकात बी तिले कोणी इचारत नाई. म्हणून मले शालीचा बी राग आला.”

माझे हात चिंचेतच राहिले. त्या पोरीच्या पोटात काय चाललं होतं ते मला सगळं कळलं. पुस्तकातली ती बाई कोण, झाड कोणतं, ते मात्र काडीचं कळलं नाही. मी मास्तरांना तसंच सांगितलं, पण मनाविरुद्ध. कारण मला बुधरीच जायला हवी होती.

मास्तरांनी गुण मांडले. चंदाला ‘स्वतःला काय वाटलं’ यात कसेबसे चार, तोलात चार, आधाराच्या रकान्यात दोन. बुधरीला पहिल्या रकान्यात नऊ. आधारात सहा, कारण झाडाची गोष्ट तिने बरोबर पकडली होती, फक्त ती कुठली ते सांगितलं नव्हतं. आणि तोलात दोन.

मी बोटावर हिशेब केला. “म्हणजे दोघी बी बाद?”

“दोघी बी.”

“अन् जागा?”

“जाईल दुसरीकडे.”

“अहो, दोनाचे चार करा ना बुधरीचे. दोन गुण कोणाच्या बापाचे हायेत?”

“तेच मी बी पाहून राह्यलो,” ते म्हणाले. “बुधरीले दोन वाढवले तं चंदाले काऊन नाई? मंग दोघी पास होतीन, आणि गुणवंतराव जाईल साहेबाकडे. साहेब कागद वाचतीन. बुधरीचा कागद कोणाले कळणार? तुले तं कळला नाई.”

“माझ्यावर नका ढकलू.”

“ढकलून नाई राह्यलो. तू खरं सांगितलं.”

त्या दिवशी माझा राग स्वयंपाकात उतरला. मी वरण जरा पातळ केलं. त्यावर त्यांनी मत दिलं नाही, त्यावरून मला कळलं की त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

सोमवारी त्यांनी बुधरीला शाळेच्या पायरीवर बसवून विचारलं. मी पाणी भरायला तिथूनच जात होते.

“बुधरी, तो डोंग्यावाला कोण, ती बाई कोण, हे काऊन नाई लिहिलं वो?”

पोरीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसा काही मोठ्या माणसाने दिवसा कंदील मागितला असावा. “गुरुजी, तुमीच तं म्हटलं, मलेच परत सांगू नका. तुमाले ठाऊकच हाये म्हणून. अन् आमच्याकडे ज्यानं गोष्ट सांगितली त्यालेच ते परत नाई सांगत. त्याले वाटन मी त्याची चूक काढून राह्यली.”

मास्तरांनी तिला वर्गात पाठवलं. मग चंदाला बोलावलं. “अन् तू काऊन सगळं परत सांगितलं? मी नाई म्हटलं होतं ना?”

चंदा परकराशी चाळा करत म्हणाली, “गुरुजी, मनातलं लिहिलं अन् ते चुकलं तं? सांगितलेलं चुकत नाई.”

घरी येऊन मास्तर म्हणाले, “एकीनं माझं ऐकलं अन् बाद झाली. दुसरी भिऊन बाद झाली. परीक्षण कोणासाठी लिहाचं हे मी सांगितलंच नाई, रंभा. ज्यानं पुस्तक वाचलं नाई त्याच्यासाठी लिहाचं असते. मी म्हटलं माझ्यासाठी लिहा.”

गुण त्यांनी बदलले नाहीत. कागदाखाली आपल्या हाताने लिहिलं, की सूचना देण्यात माझी चूक झाली, दोघींना पुन्हा लिहू द्यावं. आणि ते कागद साहेबांच्या कचेरीत द्यायला सिंदेवाहीच्या बाजाराला जाणाऱ्या खाचरात, म्हणजे लहान बैलगाडीत, बसले. गुणवंतरावांना कुणकुण लागली होती. ते वेशीवरच भेटले.

“काय मास्तर, माझ्या पोरीले नापास केलं म्हणे? अक्षर तं पाह्यलं का तिचं?”

“पाह्यलं भाऊ. अक्षराचा रकानाच नाई.”

“अन् त्या मंगरूची पोरगी?”

“ते बी नापास.”

 भांडायला आलेल्या माणसाला भांडणच मिळालं नाही. गुणवंतराव खाचराच्या वाटेतून बाजूला झाले.

पुढच्या आठवड्यात दिपोटी साहेब आले. संगे त्यांचा चपराशी झिंगू, उंच, मिश्यांचा, बोलायला मोकळा. साहेब उन्हातून आलेले, जरा चिडलेले. “मास्तर, ज्याची त्याची चूक सुधारत बसलो तर जागा द्यायची केव्हा?”

मास्तर शांतपणे म्हणाले, “पोरींची चूक असती तर मी तुमच्या कचेरीत आलो नसतो साहेब.”

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. बुधरीचा दोनदा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “कोणती बाई?”

“हेच माझ्या घरी बी विचारलं,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी हुंकाऱ्याची रीत सांगितली. साहेब हसले. नव्याने लिहायची परवानगी दिली, पण अट घातली, की मास्तरांनी आता काही शिकवायचं नाही. फक्त कोणासाठी लिहायचं तेवढं सांगायचं. आणि गुण साहेब स्वतः देणार.

मी चहा घेऊन गेले तेव्हा साहेब म्हणाले, “मग या वेळी हुंकारा कोण देणार? बाई, तुम्ही?”

“मले आता गोष्ट ठाऊक झाली साहेब. मी बाद.”

सगळ्यांनी झिंगूकडे पाहिलं. त्याने पुस्तक पाहिलंही नव्हतं. दोघी पोरींना मास्तरांनी इतकंच सांगितलं, “हे झिंगूभाऊ. यायनं पुस्तक ऐकलं नाई. यायले ते वाचाव का नाई, हे तुमच्या लिहिण्यावरून कळलं पाहिजे.” पोरी त्याच्या मिश्या न्याहाळून लिहायला बसल्या.

लिहून झाल्यावर शाळेच्या पडवीत मास्तरांनी कागद वाचले. आधी चंदाचा. या खेपेस गोष्ट चार ओळींत होती. मग लिहिलं होतं, “डोंगा मधात थांबतो तेव्हा मला भीती वाटली, कारण तिथे लिहिले आहे की साहेबांनी डोळे मिटले. मोठा माणूस डोळे मिटतो तर पाणी किती असेल. मला ढिवर आवडला. शालीचे पान मात्र लांब आहे, तेव्हा मला कंटाळा आला. हे लिहू की नको असे मला वाटले.” झिंगू मधूनमधून हूं हूं करत होता. शेवटी म्हणाला, “खरी बोलली पोरगी.” चंदा लाल झाली.

मग बुधरीचा.

“एका नदीवर एक ढिवर डोंगा चालवते. एक दिवस पूर येते. काठावर एक साहेब असते आणि एक बाई, तिच्या कडेवर तापाचं लेकरू. डोंग्यात एकाचीच जागा. ढिवर साहेबाले आधी नेते, मग बाईले नेते. साहेब त्याले शाल देते.”

“हूं,” झिंगू म्हणाला.

“पुराचं वर्णन ऐकताना माझे पाय गार झाले, ते चांगलं लिहिलं हाये. ढिवर मले शूर वाटला, कारण पुरात तो दोनदा गेला. पण चांगला नाई वाटला. त्यानं बाईले इचारलं नाई, लेकराले काय झालं.”

“हूं.”

“पुस्तक म्हणते, तोपर्यंत बाई झाडाखाली थांबली. पण पहिल्याच पानावर लिहिलं हाये का काठावरचं एकच झाड पुरात गेलं. म्हणजे लिहिणाऱ्याले झाड बी आठवलं नाई आणि बाई बी. मी मायसंग अशी थांबली होती, म्हणून मले ती दिसली. ज्याले पूर पाहाचा असन त्यानं हे पुस्तक वाचावं. ज्याले बाई पाहाची असन त्याले ती आपल्या मनानं पाहा लागन.”

झिंगूचा हुंकारा शेवटच्या वाक्याला आलाच नाही. मास्तरांनी मान वर केली. झिंगू म्हणाला, “नाई, कळलं मले. पण ते पहिलं पान दाखवा ना जरा. झाड खरंच गेलं का पाहू.”

साहेबांनीच पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर झाड गेलेलं होतं. पुढे तेराव्या पानावर बाई त्याच झाडाखाली उभी होती. साहेबांनी पान दुमडून ठेवलं आणि गुण लिहिले. चंदाला प्रत्येक रकान्यात पाच-सहा पडले. बुधरीला तोलात आठ, बाकी दोन्हींत नऊ. “दहा काऊन नाई?” झिंगूने विचारलं. साहेब म्हणाले, “ढिवराच्या बाजूनं काय बोलता आलं असतं, तेही तिनं थोडं पाहायला हवं होतं.” मास्तरांनी लगेच मान डोलावली. मला ते पटलं नाही, पण मला विचारलं कोणी नव्हतं.

जागा मिळाली. आता मंगरूला पटवायचं होतं. तो टोल्यावरून आला, काठी टेकवून अंगणात बसला. “गुरुजी, पोरगी गेली तं शेळ्या कोण पाहील?”

मास्तरांनी उपदेश केला नाही. म्हणाले, “ते राहू दे. तुझ्या पोरीनं काय लिहिलं ते ऐक.” आणि सगळं वाचून दाखवलं. मंगरू ऐकत राहिला. मायसंग थांबली होती, ही ओळ आली तेव्हा त्याने हुंकारा दिला नाही.

मग म्हणाला, “ते वैनगंगेच्या काठाचं हाये. तवा ती एवढीशी होती. मले वाटलं तिले आठवत नसन.” पुढे त्याने विचारलं, “हे तुमच्या साहेबानं बी ऐकलं?”

“ऐकलं. अन् पान उघडून पाह्यलं, खरं का खोटं.”

“खरं निघालं?”

“खरं निघालं.”

मंगरू उठला. “शेळ्या सोनीबाई पाहील,” बायकोचं नाव घेऊन तो म्हणाला. “मी बी पाहीन.”

गुणवंतरावांच्या घरी वेगळंच झालं. “मंगरूची पोरगी सिंदेवाहीले शिकाले जाईल अन् पाटलाची घरी बसन का?” असं म्हणून त्यांनी चंदाला सिंदेवाहीला आपल्या बहिणीकडे धाडायचं ठरवलं. शिक्षणाचं महत्त्व मास्तरांनी त्यांना चार वर्षं सांगितलं होतं. ते त्यांना एका दिवसात समजलं.

जूनमध्ये दोघी एकाच खाचरातून निघाल्या. मी दोघींना तिळाची चटणी बांधून दिली. मास्तर वेशीपर्यंत चाकाशेजारून चालत होते. खाचर हललं न हललं तोच आत वाद सुरू झाला.

“साहेबाले कचेरीत काम असन,” चंदा म्हणत होती. “म्हणून ढिवरानं त्याले आधी नेलं.”

“कोणतं काम? कोणत्या पानावर लिहिलं हाये?”

“लिहिलं नाई. पण असू शकते.”

“मंग लेकराचा ताप बी वाढला असू शकते.”

“दोघायले संगं नेता आलं असतं का?”

“ते मले बी समजत नाई,” बुधरी म्हणाली. “एकाचीच जागा म्हणते, पण डोंगा केवढा होता ते लिहिणाऱ्यानं सांगितलंच नाई.”

मास्तर पाय उचलून पुढे निघाले. डोंगा केवढा ते त्यांना सांगायचं असावं. मी मागून त्यांचा सदरा धरला.

“राहू द्या,” मी म्हटलं. “त्यायचं चालून राह्यलं ना.”

ते थांबले. खाचर बांधीच्या कडेने वळलं, तरी दोघींचे आवाज बराच वेळ येत होते.